सरासरीचे दहा

मी एक गोष्ट दोनदा सांगत नाही. घरात नाही, दारात नाही, इंजिनावर तर कधीच नाही. तेहतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली एकोणीस दौंड-मनमाड लाइनीवर ड्रायव्हर म्हणून. मी, लालमहंमद उस्तादाने, कोळसा कुठे टाकायचा ते एकदा सांगितलं की सांगितलं. ज्याच्या कानात शिरलं नाही त्याने पुढच्या स्टेशनात उतरून घरचा रस्ता धरावा, असा माझा खाक्या. हे आधीच बोलून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ याच खाक्याने घातला, असं आमच्या बेगमेचं म्हणणं आहे. तिचं म्हणणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

रिटायर झाल्यावर मी आणि शकिला बेलापूर रोड स्टेशनामागे दोन खोल्या आणि एक ओटा भाड्याने घेऊन राहिलो. लढाईचे दिवस. चव्वेचाळीस साल नुकतंच लागलं होतं. तिथून चार मैलांवर साखर कारखाना. एक दिवस कारखान्याचे टाइमकीपर काकासाहेब सायकल टेकवून ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "उस्ताद, मॅनेजरसाहेबांनी विचारलंय. आमच्या बॉयलरवरच्या माणसांना सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी तयार कराल का? नऊजण आहेत. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, पण परीक्षा तोंडी आहे. एप्रिलअखेर पुण्याला."

मी म्हटलं, "करीन. रविवारी दोन तास. वेळ तुम्ही ठरवा. पण वेळ एकच, धडा एकच, आणि सांगणार एकदाच."

"वेळेचं माझ्यावर सोडा," काकासाहेब म्हणाले. "वेळ हाच आपला धंदा." अहो, केवढा आत्मविश्वास!

त्या नऊजणांत एक शमशेर होता. खर्ड्याकडचा. उंच, सावळा, बोलायला कमी. बारा गळीत हंगाम त्याने बॉयलरच्या तोंडाशी चिपाड लोटण्यात घालवले होते. पण तो हंगामी. वैशाख आला, गाळप थांबलं, की कारखाना त्याला आणि त्याच्या बायकोला, मेहताबला, पाचटाच्या झोपडीतून, म्हणजे कोपीतून, उठवणार, आणि बिऱ्हाड परत खर्ड्याला. तिथे पाणी नाही, काम नाही. तो मग मिळेल तिथे मजुरीला भटकायचा आणि ती दोन पोरं घेऊन दिराच्या पडवीत दिवस काढायची. अशी बारा वर्षं. यंदा बॉयलरवरचे जुने आप्पासाहेब डोळ्यांनी अधू झाले म्हणून हंगामाअखेर जाणार होते. मॅनेजरसाहेबांनी शमशेरला स्पष्ट सांगितलं होतं, "सर्टिफिकेट आण. आप्पासाहेबांची कायम जागा तुझी आणि चाळीतली खोली तुझी. नाही आणलंस तर मी बाहेरून माणूस आणतो." म्हणजे मला सांगा, बाकी आठजणांना परीक्षा द्यायची होती, आणि शमशेरला घर पाहिजे होतं.

आता पाळ्यांचं नीट ऐका. मी पुन्हा सांगणार नाही.

कारखाना चोवीस तास चालतो. तीन टोळ्या. सकाळी आठ ते चार दिवसपाळी, चार ते रात्री बारा दुसरी पाळी, बारा ते सकाळी आठ रातपाळी. आठवडाभर हे असं. रविवारी पाळ्या फिरतात. त्या दिवशी दिवसपाळीची टोळी सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे बारा तास, लांब पाळी करते. दुसऱ्या पाळीवाले रविवारी रात्री आठला चढतात ते सोमवारी सकाळी आठला उतरतात. आणि रातपाळीवाले रविवारी सकाळी आठला सुटले की सोमवारपर्यंत मोकळे. सोमवारपासून रातपाळीवाले दिवसपाळीला, दिवसपाळीवाले दुसऱ्या पाळीला, दुसऱ्या पाळीवाले रातपाळीला. दर रविवारी हेच चक्र. म्हणून रविवारी सकाळी नेहमी एक टोळी बॉयलरपुढे असते, एक झोप काढून ताजी असते आणि एक रात्रभर जागून डोळे चोळत असते. आणि जी टोळी या रविवारी ताजी, ती पुढच्या रविवारी पेंगणारी, आणि त्याच्या पुढच्या रविवारी कामावर.

रेल्वेत मी असल्या डझनभर पाळ्या कोळून प्यायलो होतो. पण तेव्हा माझ्या डोक्यात हे शिरलं नाही. शिरायचं होतं कुठे? मी एकदाच सांगणार होतो ना!

काकासाहेबांनी एक कागद काढला. वर लिहिलं, 'सर्व उमेदवारांस सोयीची एकच वेळ', आणि खाली नऊ अंगठ्यांना जागा सोडली. सर्वानुमते पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पण तीन टोळ्या एका वेळी एका जागी कधीच नसतात. म्हणून कागद पाळीबरोबर फिरायला लागला. सकाळी आठला रातपाळीवाले तो दिवसपाळीवाल्यांना द्यायचे, चारला ते दुसऱ्या पाळीवाल्यांना, बाराला ते पुन्हा रातपाळीवाल्यांना. शनिवारपर्यंत सगळ्यांचे अंगठे जमले. शमशेरच्या टोळीने 'रविवार सकाळ' सांगितलं होतं, कारण त्या रविवारी ते ताजे होते. बाकीच्यांना त्यांनी कसंबसं मनवलं होतं.

आणि रविवारी पाळ्या फिरल्या. सोमवारी सगळ्यांनी आपापले अंगठे मागे घेतले. शमशेरची टोळी म्हणाली, "आता आमाला रातपाळी हाय. येत्या रविवारी सकाळी आमी मेल्यागत झोपनार. संध्याकाळ करा." ज्यांनी आधी संध्याकाळ मागितली होती ते म्हणाले, "संध्याकाळ? डोकं फिरलं का? सकाळ पायजे." काकासाहेबांनी दुसरा कागद काढला. तो शनिवारी पुरा झाला, सोमवारी रद्द झाला. मग तिसरा, चौथा, पाचवा कागद. गंमत अशी की भांडण एकमेकांशी नव्हतंच. प्रत्येकजण आपल्याच मागच्या आठवड्याशी भांडत होता.

पाच आठवडे असे गेले. मी ओट्यावर धड्यासाठी आणलेली, बॉयलरातलं पाणी दाखवणारी काचेची नळी पुसत बसलो होतो आणि माझं टाळकं तापत होतं. शकिला आतून म्हणाली, "मी सांगू का? शनिवारी संध्याकाळी सहाला एकदा सांगा, रविवारी सकाळी दहाला तोच धडा पुन्हा सांगा. शनिवारी दिवसपाळीवाले चारला सुटून, अंग धुऊन, चालत सहाला येतील. रातपाळीवाले निजून उठून येतील नि बाराच्या आत परततील. राहिले दुसऱ्या पाळीवाले, ते रविवारी येतील. कोणी सुटत नाही."

"तोच धडा?" मी म्हटलं. "पुन्हा?"

"पुन्हा."

"बेगम," मी म्हटलं, "लोक काय म्हणतील? लालमहंमदला एकदा सांगून जमत नाही म्हणतील."

तिने भांडी जरा जोरातच घासली. मी तो विषय तिथेच मिटवला.

सहाव्या सोमवारी काकासाहेब हसत आले. "सुटलं, उस्ताद! गणिताने सुटलं. आता कोणाचं काही चालणार नाही." त्यांनी कागद उलगडला. "हे बघा. सुटायच्या वेळा तीन. आठ, चार आणि बारा. बेरीज चोवीस. भागिले तीन. आठ! म्हणजे सरासरी माणूस आठला सुटतो. आता रस्ता. शमशेर पायी येणार, सव्वा तास. सहादेव पलीकडच्या वस्तीवरून उसाच्या रिकाम्या गाडीत बसून येणार, दोन तास. गोरक्षनाथ सायकलवर, अर्धा तास. एकूण पावणेचार तास, भागिले तीन, सव्वा तास. आठ आणि सव्वा, सव्वा नऊ. अंघोळ-भाकरीला पाऊण तास. झाले दहा. रविवारी दहा!"

मी विचारलं, "सकाळचे की रात्रीचे?"

काकासाहेब थोडे घुटमळले. "सरासरीला सकाळ-रात्र नसते," ते म्हणाले. "पण रात्री तुमचे डोळे नीट चालत नाहीत. सकाळचे धरा."

असा दर रविवारी आठला सुटणारा, सव्वा तास चालणारा सरासरी माणूस कारखान्यात एकही नव्हता. पण कागद टाइप झाला होता, खाली शिक्का होता, आणि एकच वेळ, एकच धडा ही माझी अट त्यात तंतोतंत बसत होती. मी बेगमेला म्हटलं, "बघ! शास्त्रीय काम म्हणतात याला." ती तांदूळ निवडत राहिली. ही बाई बोलत नाही तेव्हा मला जास्त त्रास होतो.

पहिल्या रविवारी दहाला ओट्यावर एकटा गोरक्षनाथ. गोरक्षनाथ पंपाच्या लहान बॉयलरवर जनरल पाळीला होता, आठ ते पाच, रविवारी सुट्टी. त्याला पाळ्यांचं सोयरसुतक नव्हतं. तेल लावून, भांग पाडून, अगदी समोर बसला. बाकीचे अकराला उगवले. "दहाच वाजलेत की, उस्ताद!" लढाईपायी सरकारने सगळी घड्याळं एक तास पुढे केली होती ना, तो नवा टाइम. रेल्वे आणि कारखान्याचा भोंगा नव्या टाइमावर, आणि कोप्यांतले लोक जुन्याच टाइमावर जेवत, झोपत. मी इतका ओरडलो की शेजारच्या बाई दाराची कडी लावून बसल्या. पुढच्या खेपेपासून निदान तेवढं तरी सुधारलं.

पण शमशेर आलाच नाही. त्याची टोळी त्या रविवारी लांब पाळीवर. मी वहीत नावापुढे काट मारणार, तेवढ्यात ओट्याच्या पायरीशी एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, कडेवर पोर, हातात भाकरीचं फडकं.

"मी मेहताब. शमशेरची घरवाली," ती म्हणाली. "त्यांची आज लांब पाळी हाय. म्हनून मी आले. चाचा, धडा काय असंल तो मला सांगा, मी त्यांना पोचवते."

जमलेले गडी हसले. अहो, मीसुद्धा हसलो. "बाई, हा निरोप नाही, बॉयलर आहे," मी म्हटलं.

"चार मैल चालून आले हाय," ती म्हणाली. "बसू का जाऊ?"

शकिलाने आतून येऊन तिचा हात धरला आणि तिला दाराच्या आत, उंबऱ्याला लागून बसवलं. माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप धडा चालू केला. दोन तास मेहताब हलली नाही. मी एक मुद्दा सांगितला की ती पदराला एक गाठ मारायची. बारा मुद्दे, बारा गाठी. उठताना पदर आखडून हातभर राहिला होता.

असं ठरूनच गेलं. तीन रविवारांत एकदा शमशेर कामावर, एकदा रातपाळी करून आलेला, खांबाला डोकं टेकून घोरणारा, आणि एकदा शुद्धीवर. मेहताब मात्र दर रविवारी हजर. "ते जागे असले तरी मी येते," ती म्हणाली, "त्यांचा काय भरवसा, मधीच डुलकी लागंल." हजेरी शमशेरची आणि बसणार मेहताब. काकासाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी वहीत नवा रकाना आखला, 'उमेदवाराच्या वतीने पत्नी', आणि आमची हजेरीची सरासरी केवढी वाढली म्हणून खूश झाले.

एकदा तिने मधेच तोंड उघडलं. मी सांगत होतो, "काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं, तर काय करायचं? चिपाड बंद. डँपर, म्हणजे धुराड्याची झडप, बंद. जाळ मारायचा. आणि काही झालं तरी पंप सुरू करून आत पाणी सोडायचं नाही. कळलं?"

उंबऱ्यातून आवाज आला, "का न्हाई सोडायचं? पानी कमी झालं तर पानीच घालावं मानसानं."

"का?" मी उसळलो. "का ते मी सांगितलं म्हणून! बॉयलर फुटून चिंधड्या उडाल्यावर का विचारायला येणार का? गाढवांनो, प्रश्न विचारू नका, ऐका!"

तिने एक गाठ मारली. पुढे मी दुसऱ्या मुद्द्यावर गेलो. गोरक्षनाथ मान डोलावत होता. तो कधी काही विचारत नसे, म्हणून तो माझा लाडका.

मार्च सरत आला. परीक्षा महिन्यावर. एका रविवारी सहादेव आला. सहादेव म्हणजे शमशेरच्या नंतरच्या टोळीतला, गोलमटोल, कायम गाडीतल्या पाचटाचे तुकडे अंगावर घेऊन येणारा. तो सलग दोन रविवार माझ्या धड्याला नव्हता, एकदा कामावर म्हणून आणि एकदा गाडीतच झोपून थेट पुढच्या गावाला गेला म्हणून. मी ठरवलं, याला उभा करून सोलायचा.

"सांग सहादेव, सेफ्टी वॉल्व्ह कशाला?"

तो सरळ उभा राहिला आणि धडाधड बोलायला लागला. "दाब ठरल्या आकड्यावर गेला की वाफ आपोआप भाईर सोडायला. त्याला वजन बांधायचं न्हाई, पाचर मारायची न्हाई, रोज हातानं उचलून बघायचा. आन् जो मारंल पाचर त्याच्या सात पिढ्या वर जातील, गाढवा!"

"गाढवा?" मी विचारलं.

"ते धड्यात हाय, उस्ताद," सहादेव गंभीरपणे म्हणाला. "'गाढवा' झालं की तो मुद्दा संपला. मग पुढची गाठ."

"कोणी शिकवलं हे तुला?"

सहादेवने शमशेरकडे बघितलं. शमशेरने उंबऱ्याकडे बघितलं. उंबऱ्यातली मेहताब पोराला पाणी पाजण्यात एकदम दंग झाली होती.

त्या रात्री मी ताट बाजूला सारलं. माझा धडा! माझ्या परवानगीशिवाय! मी शकिलाला म्हटलं, "ही बाई काय शिकवतेय देव जाणे. एक शब्द चुकला तर बॉयलर फुटेल." शकिला म्हणाली, "मग जाऊन बघा की." तेवढं म्हणून ती दिवा मालवून झोपलीसुद्धा.

पुढच्या शनिवारी मी काकासाहेबांच्या मागे सायकलवर बसून कारखान्यावर गेलो. चारचा भोंगा होऊन गेला होता. गेटाबाहेर कोप्यांची रांग, आणि मेहताबच्या कोपीपुढे गडी गोल करून जेवत बसलेले. काही नुकते सुटलेले, काळे. काही झोपेतून उठून आलेले, रातपाळीचे. सहा-सातजण. आणि मधे चुलीशी ती. भाकरी थापता थापता बोलत होती.

मी पाचटाच्या कुडाआड उभा राहिलो. तिने माझा अख्खा धडा धरला होता. माझे शब्द, माझा क्रम, जिथे मी खाकरतो तिथे तिचं खाकरणं. माझ्या शिव्या जागच्या जागी. एक गाठ सोडायची, एक मुद्दा सांगायचा, "म्हना!", आणि सगळे घास चावत चावत म्हणायचे. ज्याची भाकरी संपली त्याने धडा म्हणून दाखवला तरच दुसरी. काकासाहेब माझ्या कानात कुजबुजले, "इथली वेळ कोणी ठरवली?" मी म्हटलं, "गप्प बसा." मागाहून कळलं, चारच्या आधी अर्धा तास दुसऱ्या पाळीला जाणारे जेवून जातात, तेव्हा एकदा. चारनंतर सुटलेले आणि रातपाळीवाले येतात, तेव्हा तोच धडा दुसऱ्यांदा. कागद नाही, अंगठे नाहीत. भूक लागायची वेळ हीच वेळ. आणि आठवडा फिरला तरी माणसं फिरतात, चूल जागच्या जागी.

मग शमशेरचा आवाज आला. "मेहताब, हे एक मला रुचंना. पानी दिसंना झालं तर पानी का सोडायचं न्हाई?"

"ते उस्तादांनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मी इच्चारलं तर वरडले. म्हनून फक्त गाठ हाय, आत काय न्हाई."

"आन् पुन्याचा साहेब का म्हनून इच्चारल तर?"

ती थांबली. हातातली भाकरी तशीच. "तर खोली जाईल," ती म्हणाली. "मग काय. वैशाखात पुन्ना दिराच्या पडवीत." तिने पदराच्या गाठींवरून हात फिरवला. "मी लई गाठी मारल्या हो. पन जे त्यांनी दिलंच न्हाई ते कुठनं बांधू?"

मला खरं सांगायला लाज कसली? माझी मान खाली गेली. तेहतीस वर्षांत मी कोणाला 'का' सांगितलं होतं, आठवून बघितलं. एकही नाव आठवेना.

मी कुडाआडून पुढे झालो. गडी घास टाकून उठले. मी ओरडलो, "बसा, गाढवांनो! जेवता जेवता उठू नये." मग मेहताबपुढे चुलीशी उकिडवा बसलो. "बाई, तवा रिकामा ठेव. जाळ वाढव." तिने ठेवला. तवा लालसर व्हायला लागला तसं मी तांब्यातलं पाणी ओंजळभर त्यावर टाकलं. चर्रकन आवाज, वाफेचा लोट, आणि मातीचा जुना तवा मधोमध तडकून दोन तुकडे चुलीत.

"हे असं," मी म्हटलं. "पाणी उतरलं की आतलं लोखंड उघडं पडून असंच लाल होतं, मऊ पडतं. त्यावर पाणी पडलं की एकदम वाफ, एकदम दाब, आणि लोखंड आक्रसून फाटतं. पत्रा फाटला की पुढे उभा असलेला माणूस राहत नाही. म्हणून आधी जाळ मारायचा. थंड होऊ द्यायचं. कळलं?"

"व्हय," मेहताब म्हणाली. तिने गाठ मारली. मग म्हणाली, "चाचा, तवा एकच होता."

"नवा आणून देतो," मी म्हटलं.

"आन् दुसऱ्या पाळीची टोळी चारला कामावर गेली. त्यांनी हे ऐकलं न्हाई. उद्या सकाळी ती मोकळी हाय. तुमी पुन्ना सांगाल का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकासाहेबांनी तर वहीसुद्धा मिटली. मी म्हटलं, "सांगेन." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सांगितलं. तेच. शब्दाला शब्द. आकाश कोसळलं नाही. उलट दुसऱ्यांदा सांगताना मलाच दोन गोष्टी नव्याने सुचल्या, त्या मी बोललो नाही कोणाला. राहिलेल्या तीन आठवड्यांत शनिवारी संध्याकाळी तिच्या कोपीपुढे आणि रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर, एकच धडा दोनदा. शकिला फक्त शनिवारी माझ्या हातात डबा द्यायची.

गोरक्षनाथ शनिवारी कधी आला नाही. त्याला म्हटलं तर म्हणाला, "उस्ताद, माझी हजेरी पुरी हाय. मी कशाला भाकरी बडवनाऱ्या बाईकडं शिकू?" मला त्याचं कौतुकच वाटलं, काय सांगू. आणि ज्या रविवारी मी तव्याचं सांगितलं, त्या रविवारी तो बहिणीच्या लग्नाला गेला होता. सबंध हंगामात त्याची तेवढी एकच गैरहजेरी.

एप्रिलच्या मध्यावर भोंगा शेवटचा झाला. गाड्या जुंपल्या, कोप्या मोडल्या. एकेक बिऱ्हाड आपापल्या गावाला निघालं. मेहताबची कोपी तेवढी उभी होती, रिकाम्या मैदानात एकटी. मुकादम रोज येऊन विचारायचा, "कधी मोडू?" ती म्हणायची, "पुन्याहून कागद आला की."

नऊजण पुण्याला जाऊन आले. बारा दिवसांनी पत्र आलं. काकासाहेब ते घेऊन माझ्याकडे आले, आणि आम्ही दोघं सायकलवर तडक मैदानात गेलो. शमशेर कोपीच्या सावलीत बसला होता. मला बघून उठला, पण पाय पुढे टाकेना. मेहताब आतून आली. काकासाहेबांनी वाचलं. शमशेर पास. सहादेव पास. आणखी चौघं पास. मेहताब मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली, मोठ्याने, पोरांसारखी. शमशेर तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा. मी दुसरीकडे बघितलं. धूळ फार होती त्या मैदानात.

"साहेबानं तेच इच्चारलं, उस्ताद," शमशेर थोड्या वेळाने म्हणाला. "पानी का सोडायचं न्हाई. मी तवा सांगितला. हसला तो. म्हनला, हे कुठं शिकलास? मी म्हनलं, चुलीपाशी."

नापास तिघं. त्यातला एक गोरक्षनाथ. त्यालाही साहेबांनी तेच विचारलं होतं, आणि त्याने माझ्याच आवाजात उत्तर दिलं होतं, "उस्तादांनी सांगितलं म्हणून." माझ्या वहीतला सगळ्यांत जास्त हजेरी असलेला माणूस! संध्याकाळी तो ओट्यावर आला, बसला नाही, उभाच राहिला. रागावायला तोंड नव्हतं. त्यानेच विचारलं, "पुढच्या हंगामात मेहताबभाभीच्या बॅचला बसू देतील का मला?"

दुसऱ्या दिवशी मी नवा लोखंडी तवा घेऊन कारखान्याच्या चाळीत गेलो. सात नंबरच्या खोलीच्या दारात मेहताब मातीने उंबरा सारवत होती. आत पोरं भिंतीला पाठ लावून बसली होती, भिंत आपली आहे हे बघायला. मी तवा खाली ठेवला.

"मेहताब," मी म्हटलं, "नोव्हेंबरात गोरक्षनाथ येईल. आणखी सहा-सातजण येतील. तुला कुठल्या वेळा जमतील त्या सांग. मी काकासाहेबांना तशा लिहून घ्यायला सांगतो."

तिने हात धुतले, पदराने पुसले आणि विचार केला.

"शनवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी," ती म्हणाली. "आन् चाचा, तुमी दोनी येळेला येत जावा. तुमाला अजून 'का' नीट सांगता येत न्हाई."

"येईन," मी म्हटलं.